सातच फायली

मानवतच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या काट्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. राहते सेलूला. बिघाड झाला की स्कूटी काढायची आणि शिव्या खायला जायचं, अशी ही नोकरी.

तिथल्या कॉम्प्युटरवर काट्याची प्रत्येक हालचाल एका लॉग फाईलमध्ये उतरते. कोणती गाडी आली, वजन किती भरलं, आकडा थेट काट्यावरून आला की हातानं टाकला. हे शेवटचं फक्त तिथंच राहतं, पावतीवर नाही. ती फाईल वर्षानुवर्षं फुगत गेली आणि ऐन सीझनमध्ये डिस्क गच्च भरली. ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत उभे, मालक माझ्या नावानं बोंबलायलेत. मी रागारागात लॉगरोटेट लावलं: रोज फाईल बदल, जुनी दाबून लहान कर, सातच जुन्या ठेव, आठवी आली की सगळ्यात जुनी उडव. सातच का? कुणी विचारलं नाही, मीही विचार केला नाही. डिस्क मोकळी झाली आणि मी मिरवत घरी आले.

पंधरवडाही झाला नसेल. मंगळवारी सकाळी मालकांचा फोन आला. मागच्या आठवड्यातल्या सोमवारच्या एका पावतीवरून एक शेतकरी भांडत होता. त्याचं म्हणणं, काटेवाल्या मामांनी रिकाम्या ट्रॉलीचं वजन हातानं वाढवून टाकलं आणि त्याचा कापूस कमी दाखवला. मालक थंड आवाजात म्हणाले, तुमच्या लॉगमध्ये काय ते बघा, नाहीतर आजपासून काट्यावर दुसरा माणूस.

मी हो म्हणाले, फोन ठेवला आणि बोटावर दिवस मोजले. सोमवार ते मंगळवार, आठ दिवस.

मामा कापसाला आग लागेल या धास्तीनं रोज संध्याकाळी मेन स्विच पाडतात. सकाळी तो वर केला की कॉम्प्युटर सुरू होतो आणि राहिलेलं रोटेशन, म्हणजे फाईल बदलणं, तेव्हाच उरकतो. म्हणजे आज मामांनी स्विच वर केला की त्या सोमवारची फाईल गेली. त्यांच्याच हातानं, त्यांचाच पुरावा.

स्विच वर करू नका म्हणून सांगायला मामांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मामा लिंगायत, सकाळी इष्टलिंगाची पूजा आटपेपर्यंत जग बुडालं तरी फोन घेत नाहीत. मालकांना सांगायचं तर फाईल मीच उडवायला सांगितली हे सांगावं लागलं असतं. खरं सांगते, त्याची मला लाज वाटली आणि भीतीही. मी भेकडासारखी गप्प बसले आणि स्कूटी काढली.

वीस वर्षं त्या काट्यावर बसलेला माणूस माझ्या एका आकड्यापायी चोर ठरणार होता. मधे दोनदा थांबून फोन लावला. उचलला नाही.

पोचले तर काट्यावर पहिली गाडी उभी. स्विच वर. कॉम्प्युटर सुरू होऊन अर्धा तास झालेला. मामा दाराशी उभे होते, मुठीत गळ्यातलं लिंग धरून. म्हणाले, "बाई, म्या हातानं आकडा टाकला न्हाई. तुमच्या मशीनला ठावं हाय ना?"

मालक पाठीमागं येऊन उभे राहिले. मी जुन्या फायलींची यादी उघडली. कमांड दोनदा चुकली.

सातव्या फाईलला हात लावायचं धाडस होईना. शेवटी उघडली. आत तो सोमवार होता. ती ट्रॉली, ते वजन आणि पुढं स्पष्ट: काट्यावरून.

ती उरली कशी, मला कळेचना. मग आठवलं, शुक्रवारी अमावस्या होती. अमावस्येला आमच्याकडं काटा बंद असतो, त्या दिवशी कुणी स्विच वर केलाच नाही. लॉगरोटेट दिवस मोजत नाही, किती वेळा फाईल बदलली ते मोजतं. एक दिवस यंत्र झोपून राहिलं म्हणून फाईल एक पायरी मागं राहिली. उद्या सकाळी मात्र गेलीच असती.

मालकांनी वाचलं, मान हलवली आणि त्या शेतकऱ्याला फोन लावायला गेले. मामा हललेच नाहीत. तेव्हा मी सगळं सांगून टाकलं: सातचा आकडा, सकाळचा फोन, माझी भीती. मामांनी ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं.

"म्हंजे अमुशा नसती तर म्या चोर," ते एवढंच म्हणाले आणि काट्यावर जाऊन बसले.

मी ती फाईल आधी पेनड्राइव्हवर घेतली. मग सातच्या जागी चारशे लिहिलं, फायलींना तारखेची नावं लावली. दाबलेल्या फायली इतक्या लहान की चारशेंनाही जागा पुरून उरली. सातचा हट्ट नुसता माझ्या रागाचा होता. मामा पुढच्या गाडीला हाक मारत होते, आणि माझ्याकडं त्यांनी दिवसभर पाहिलं नाही.