वेठ या शब्दाचं इंग्रजी

नवं राज्य होऊन रायपूर राजधानी झालं तेव्हा मी नुकताच रेल्वेच्या हापिसातून निवृत्त झालो होतो. शहरातल्याच तेलीबांध्याला परदेशी पाहुणे फिरवणारी एक कंपनी निघाली. तिला एका जुन्या किल्ल्याची माहिती गाईडला पाठ करता येईल अशा सोप्या इंग्रजीत हवी होती. माहिती होती माझ्या थोरल्या बहिणीकडे. ती मराठी शाळेत शिकवायची आणि सुट्ट्यांमध्ये किल्ल्याखालच्या गावात जाऊन बायकांशी बोलत बसायची. तिथं जे ऐकलं त्याची टिपणं तिनं मराठीत काढली होती. मला इंग्रजी येतं याचा मला फार अभिमान होता. काम मी घेतलं.

टिपणं देताना ताईनं एकच अट घातली. "बाकी काहीही काट. तटाजवळचं वाक्य काटू नको."

वाक्य असं होतं : हा पडका तट नागपूरकडून आलेल्या मराठी अंमलदारांनी खालच्या गावांना वेठीला धरून पुन्हा बांधून घेतला.

"आपल्याच लोकांचं काहून सांगाचं?" मी विचारलं.

"आपलेच होते, म्हनून तर सांगाचं."

काम तसं मजेचं होतं. पाहुणे ज्या देशांतून येत, तिथल्या कित्येकांची भाषाही इंग्रजी नव्हती. म्हणून वाक्य लहान, एका वाक्यात एकच गोष्ट. आधी कुठं बघायचं ते, मग काय दिसतं ते, आणि गोष्ट सगळ्यांत शेवटी. बुरुजाला मी गोल मनोरा म्हटलं, चोरदरवाज्याला लपवलेलं लहान दार. सनावळ्या आणि घराणी गाळून 'सुमारे इतक्या वर्षांपूर्वी' एवढंच ठेवलं.

तटाच्या वाक्यावर कंपनीचा तरुण मॅनेजर हसला. "अंकल, लोग घूमने आते हैं, रोने नहीं. थोड़ा मीठा कर दीजिए."

मी त्याच्याशी वाद घातला नाही. वेठ म्हणजे काय हे समजवायला सोपा इंग्रजी शब्द नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे गोऱ्या माणसांपुढे आपल्या लोकांची अब्रू जाऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं. मी लिहिलं : व्हिलेजर्स हेल्प्ड टू बिल्ड धिस वॉल.

ताई म्हणाली, "मले मराठीत सांगून दाखव." मी कागद समोर धरला आणि तिचंच वाक्य, वेठीसकट, वाचल्यासारखं म्हटलं. तिनं मान हलवली, माझ्या पाठीवरून हात फिरवला.

पहिल्या सहलीला ती हट्टानं आली. तटाजवळ गाईडनं माझं वाक्य म्हटलं. मी अवघड इंग्रजी लिहिलं असतं तर तिला कळलं नसतं. पण 'हेल्प' हा शब्द तिनं जन्मभर पोरांना शिकवला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं.

पाहुण्यांतल्या एका बाईंना ते फार आवडलं. तटाच्या सावलीत बोरं विकणाऱ्या म्हातारीपुढे वाकून त्या काहीतरी बोलल्या. म्हातारीनं गाईडला विचारलं, "का कहत हे?"

"कहत हें, तुंहर पुरखा मन बने मनखे रहिन. मदद करिन." तुमचे पूर्वज भली माणसं होती, मदत केली त्यांनी.

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. "मदद? हमर बबा मन ल कोन पूछे रहिस?" आमच्या आजोबांना विचारलं कुणी होतं! बाईंना वाटलं ती खूष झाली. त्यांनी तिचा फोटो काढला.

ताई गाडीत माझ्या शेजारी बसली. रायपूरला घराशी उतरताना म्हणाली, "आप थक गए होंगे. आराम कीजिए."

ज्या घरात पोट्ट्यांनी हिंदीत उत्तर दिलं तर ती पाणीसुद्धा द्यायची नाही, त्या घरात ती माझ्याशी शेवटपर्यंत हिंदीत बोलली. आप म्हणून, आदरानं. तिच्या शेवटच्या दुखण्यात मी उशाशी बसलो होतो तेव्हा सुनेला मराठीत म्हणाली, "यायले चहा दे." माझ्याकडे वळून म्हणाली, "लीजिए."

ती गेल्यावर मी तटाचं वाक्य नव्यानं लिहिलं. ऑफिसर्स फोर्स्ड द व्हिलेजर्स टू बिल्ड धिस वॉल. दे वेअर मराठी, लाइक मी. दे पेड नथिंग. पाचवीतल्या मुलाला कळेल असं. लिहायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

कागद घेऊन कंपनीत गेलो. आता तिथं एक मुलगी बसते, आपल्याच नागपूरकडची. मी मराठीत सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अंकल, वो हेल्प वाली लाइन तो सबको बहुत पसंद है. अब तो बोर्ड पर भी लिखवा दी है."

बोर्ड दगडी आहे, अक्षरं कोरलेली. मी जाऊन पाहून आलो. इंग्रजी ओळीखाली मराठी नाही.