पाटी वाचतंय कोण?

शेवंताबाई शाळेत पोषण आहार शिजवायच्या. त्या किडका तांदूळ शिजवतायत असा एक फोटो गावभर फिरला आणि त्यांचं काम गेलं.

भैरू पेंटरनं तो फोटो मोठा करून पाहिला. मागे शाळेची पाटी दिसत होती, खरी पाटी त्यानंच रंगवलेली. तो तडक मुख्याध्यापकांकडे गेला.

“सर, हा फोटो यंत्रानं बनवलाय. ‘विद्यामंदिर’मधलं ‘द्या’ बघा, नुसती गाठ झालीय. वेलांटी कुठल्याच अक्षराला धरून नाही. वरची रेघ मधेच तुटलीय, आम्ही तर ती आधी ओढतो. माणूस चुकला तरी अक्षरच लिहितो. यंत्राला अक्षर ठाऊक नसतं, ते अक्षरासारखं चित्र काढतं. त्यात मराठी पाट्या त्यानं पाहिल्यात थोड्या, म्हणून जोडाक्षरात फसतं.”

“अहो भैरूअण्णा, पाटी वाचतंय कोण? चेहरा बाईंचाच आहे ना?”

“तो चिकटवलाय हो!”

सरांनी मोबाईल त्याच्या हातात परत दिला.

“गाव ऐकत नाही, मी काय करू? बरं झालं आलात. उद्या स्वयंपाकाला नव्या बाई येतायत, स्वागताचा फलक करून द्या. आणि जोडाक्षरं तेवढी नीट काढा.”