टीव्हीसाठी चार भोकं

मोखाड्याच्या शाळेत मी शिक्षिका होते तेव्हाची गोष्ट. जव्हारच्या एका सहकारी बाईंनी भिंतीवर चपटा टीव्ही लावला म्हणून आम्हीही हप्त्यावर तसाच घेतला. हौस कसली, निव्वळ ईर्ष्या ती. टीव्ही आला आणि मग आठवलं, भिंत आपली नाही.

घरमालक जव्हारला राहत. कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, पण कचेरी काही अंगातून गेली नव्हती. मोबाइलला रेंज फक्त एसटी स्टँडजवळ मिळायची. तिथे उभं राहून मी मेसेज केला, "टीव्हीसाठी पुढच्या खोलीत भिंतीला चार भोकं पाडायची आहेत. घर सोडताना बुजवून देऊ. परवानगी द्यावी."

उत्तर आलं, "लेखी अर्ज करणे."

मी अर्ज पाठवला. तो परत आला. भोकांची खोली आणि रुंदी लिहिलेली नव्हती म्हणे! पुन्हा लिहिला. मग रविवारी साहेब स्वतः पाहणीला आले. खुर्चीत बसून त्यांनी चहा घेतला आणि भिंतीकडे पोटच्या पोरीकडे पाहावं तसं पाहिलं.

"मॅडम, सबंध मोखाड्यात असं बांधकाम नाही. समोर उभं राहून करून घेतलंय. सिमेंटमध्ये काटकसर नाही."

त्याच वेळी दुकानातून टीव्ही बसवायला आलेला माणूस पोशेऱ्याचा होता. दुकानात लागण्याआधी तो गवंड्यांच्या हाताखाली राबलेला. त्याने बोटाने भिंत ठोकली, दोन हात सरकून पुन्हा ठोकली.

"बाई, यात नाय टिकायचा टीव्ही. आत मातीचा गारा हाय. सिमेंट नुसतं वरून."

"तुला काय कळतं?" साहेब कडाडले. "पाड भोक!"

त्याने ड्रिल लावलं. बोटभर गिलावा कसाबसा लागला, मग पातं चिखलात शिरावं तसं सरळ आत गेलं. भोकातून तांबडी माती भसाभसा फरशीवर आली. त्याने स्क्रूसाठी प्लग बसवला, तो दोन बोटांनी ओढताच परत बाहेर आला.

"मीच विटा वाहिल्यात इथं," तो शांतपणे म्हणाला. "सांधे मातीनंच भरा, असं तुम्हीच सांगितलेलं, साहेब."

मला वाटलं, आता तरी हा माणूस खाली बघेल. कसलं काय! त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अर्जात चार भोकं लिहिलीत. एक पाडलंत. उरलेल्या तिन्हींची परवानगी रद्द समजा. आणि हे सिमेंटनेच बुजवायचं, मातीने नाही."

टीव्ही बसवणारा तोंडावर हात धरून बाहेर गेला. मला हसूही येईना. शाळेत रोज पोरांना खरं बोला म्हणून सांगणारी मी "हो साहेब" म्हणाले आणि झाडू आणायला आत गेले. साहेब मात्र दुसऱ्या चहाची वाट पाहत बसले होते, आणि तोही मी केला.