उजवी भुवई

हिंगोलीत माझा फोटो स्टुडिओ होता. नवा कॉम्प्युटर घेतला, तेव्हा कुरुंद्याची एक बाई मेलेल्या लेकाचा एकमेव पासपोर्ट फोटो घेऊन आली. कोट घातलेल्या माणसाच्या तैलचित्राचा फोटो माझ्याकडे होता, त्यावर तिला लेकाचा चेहरा बसवून हवा होता.

चित्रात उजेड उजवीकडून पडलेला, पोराच्या चेहऱ्यावर डावीकडून. सावल्या नव्याने रंगवायला दोन दिवस लागले असते. मी सरळ चेहरा आरशातल्यासारखा उलटवला, डाव्याचं उजवं झालं. मग गालाच्या वळणानं ब्रशचे फटकारे ओढले, कॅनव्हासची वीण चढवली. जोड कुठेच दिसेना.

बाई खूप वेळ बघत राहिली. "दादा, खूण डाव्या भुवईवर व्हती. बैलानं शिंग मारलं व्हतं."

"मावशी, फोटोत उलटंच दिसतं."

"मंग त्यो लहान फोटो द्या, बघते."

तो सापडत नाही, असं मी सांगितलं. तो माझ्या ड्रॉवरमध्ये होता.

काही वर्षांनी ती त्या फ्रेमची काच बदलायला आली, सोबत थोरली सून होती.

"मामी, खूण डावीकडं व्हती ना?" सुनेनं सासूला विचारलं.

"न्हाई गं, मी बी तसंच समजत व्हते. हितंच व्हती." तिनं फोटोतल्या उजव्या भुवईवर बोट ठेवलं. "आईलाच याद ऱ्हाईली न्हाई."

मी काच पुसून दिली. ड्रॉवर हाताशीच होता, पण उघडला नाही.