सव्वीस पानांचं एक पान

लताबाईंनी एकतीस वर्षं जळगावातल्या एका शाळेत मराठी शिकवलं. त्यातही त्यांचा हातखंडा एकाच गोष्टीत, सारांशलेखनात. दिलेल्या उताऱ्याचा एक तृतीयांश शब्दांत सारांश लिहा. हे तपासता तपासता त्यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीत दोन तृतीयांश फापटपसारा दिसायला लागला. लग्नपत्रिका, शोकसभेतली भाषणं, नवऱ्याचं बोलणं, कशाकशावर त्यांची लाल पेन्सिल मनातल्या मनात फिरत नसे! नवरा बिचारा आताशा मान हलवूनच काम भागवतो.

त्यामुळे भाचा युवराज सव्वीस पानांचं नियमपुस्तक घेऊन पिंप्राळ्याला त्यांच्या घरी आला, तेव्हा त्यांना भलताच आनंद झाला. युवराज यावलच्या केळीवाल्या घरातला, शिकून इंजिनियर झालेला, आणि तीन वर्षं खपून त्यानं केळीच्या बागेचा एक पटावरचा खेळ तयार केला होता. नाव ‘घड’. खेळ चांगला होता असं तो म्हणे. कुणी सांगू शकत नव्हतं, कारण खेळायला बसलेल्यांपैकी कुणीच नियम संपेपर्यंत टिकलं नव्हतं. मागच्या वेळी नवव्या पानावर एकाला फोन आला आणि बाराव्या पानावर दुसरा गाडी सावलीत लावून येतो म्हणाला. गाडी अजून लावतोच आहे.

“आत्या, आता पटावरच्या खेळांचा धुळ्याचा एकच क्लब राहिला,” युवराज म्हणाला. “तो चालवणारे अभिमन सर म्हणतात, नव्या माणसाच्या हातात एक पान द्या. तोंडानं एक शब्द सांगायचा नाही. त्या पानावर खेळ चालला तर उन्हाळी शिबिरात चाळीस पोरांपुढे मांडू. नाहीतर...”

नाहीतर खेळ माळ्यावर जाणार होता. पोराचा चेहरा बघून आत्या कळवळली. पण लताबाई कळवळ्यापेक्षा फुशारकीनं लवकर पेटत. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांनी जाहीर केलं, “सव्वीस पानं एका पानात बसवते. हा माझ्या डाव्या हातचा मळ.”

बसवलीही. प्रत्येक परिच्छेदाचं एक वाक्य केलं, अक्षर मुंगीएवढं झालं, आणि सुरुवातीला केळीबागेवर एक टाळ्याखाऊ वाक्य स्वतःच्या पदरचं घातलं. मग शेजारच्या सारिकाला पटापुढे बसवलं. सारिकानं पान इमानेइतबारे दोनदा वाचलं आणि विचारलं, “काकू, छानच लिहिलंय. पण मी आता करू काय?”

लताबाई आधी चिडल्या. सारिका गेल्यावर त्यांनी पान पुन्हा वाचलं आणि मुकाट्यानं फाडलं. उताऱ्याचा सारांश वाचून माणूस मान डोलावतो. इथे त्याला हात हलवायचा होता. मग त्यांनी सगळं उलटंपालटं केलं. सर्वांत वर, जिंकायचं कसं. मग पट कसा मांडायचा, चित्रासकट. मग आपली पाळी आली की काय करायचं : लाव, पाणी दे, काप, ट्रक भर, या चारांतली कुठलीही दोन कामं. फेरी संपली की बाजारभावाच्या पत्त्यांतलं नवं पान उलटायचं. ट्रक भरला की तो निघतो, सहा ट्रक निघाले की खेळ संपला, ज्याची विक्री जास्त तो जिंकला. गारपीट, अडत्या आणि इतर भानगडींची वाट पुस्तकात दाखवली : ‘पाहा पान १९’. बाकी सगळ्याला कात्री. आपल्या टाळ्याखाऊ वाक्याला मात्र त्यांचा हात धजावला नाही. सारिका आता शिकून बसलेली, म्हणून दुसऱ्या खेपेला युवराजच्या यावलच्या दोन चुलतभावांना बसवलं. त्यांनी तासाभरात डाव संपवला, भांडले, आणि पुन्हा मांडला. लताबाई जिंकल्यासारख्या हसल्या.

रविवारी आत्या-भाचे एसटीनं धुळ्याला, देवपुरात अभिमन सरांच्या घरी. सरांनी चार नवे खेळाडू बसवले होते : कॉलेजातल्या दोन मुली, एक औषधवाला, आणि खुद्द सरांची आई केसरबाई. सत्तरीची बाई, घरी पंधरा एकर कापूस. “आईनं आयुष्यात जमिनीवर आखलेल्या चौकटी-गोटीपलीकडे कुठला खेळ पाहिला नाही,” सर म्हणाले, “याहून नवा खेळाडू मिळायचा नाही. आता तुम्ही दोघं कोपऱ्यात. तोंडाला कुलूप.”

एका मुलीनं पान मोठ्यानं वाचलं. सात मिनिटांत पट मांडून खेळ सुरू! युवराजनं आत्याचा हात दाबला. दोन फेऱ्या झकास गेल्या. तिसऱ्या फेरीत केसरबाईंनी तीन घड कापले आणि आपल्यापुढे रचले. चौथ्या फेरीत आणखी दोन. भावाचं पान उलटलं, भाव मध्यम.

“आज्जी, ट्रक भरा ना,” मुलगी म्हणाली.

“कसाले? भाव वाढू दे,” केसरबाई म्हणाल्या. “आम्ही कापूस बी घरमा भरी ठेवतस.”

औषधवाल्याला हे पटलं. मग मुलींनाही. पानावर कुठे मनाई होती? सहाव्या फेरीपर्यंत चौघांपुढे केळीच्या घडांचे ढीग, आणि सहाही ट्रक रिकामे. ट्रक भरेना म्हणून निघेना, निघेना म्हणून खेळ संपेना. चौघंही भावाच्या पानाकडे डोळे लावून बसले.

कोपऱ्यात लताबाईंना एकदम आठवलं. कापलेला घड पुढच्या पाळीपर्यंत ट्रकवर चढला नाही तर सडला, खेळाच्या डब्यात परत. नियमपुस्तकाचं सतरावं पान. तो नियम त्यांनीच खोडला होता, बिनदिक्कत. आणि युवराजनं तपासताना त्यावरून नजर फिरवली होती. कापलेलं केळं थांबत नाही हे यावलात कुणाला सांगावं लागतं? चुलतभावांनी कापल्याबरोबर घड ट्रकवर टाकले होते, पान न बघता.

आठव्या फेरीला अभिमन सरांनी घड्याळ पाहिलं. लताबाईंच्या तोंडाचं कुलूप तुटलं.

“अहो, सडतात ती! कापलेली केळी आहेत, कापूस नाही!”

सर युवराजकडे बघून म्हणाले, “पान नापास.” युवराजनं पटाकडे हात नेला, आवरायला.

“थांबा,” लताबाई म्हणाल्या. एकतीस वर्षांत कुठल्या पोराला त्यांनी दुसरी संधी मागू दिली नव्हती, आता स्वतः मागत होत्या, आणि लाज वाटत होती. त्यांनी ते टाळ्याखाऊ वाक्य आडवं खोडलं. ‘काप’पासून तिथपर्यंत बाण काढून लिहिलं : ‘कापलेला घड पुढच्या पाळीत ट्रकवर चढवा. नाहीतर सडला, डब्यात परत.’ “हे चौघं आता जाणकार झाले. दुसरे चार कोरे बसवा, सर.”

सरांनी कुरकुरत समोरच्या घरातून तिघांना हाक मारली, चौथ्या त्यांच्या बायको सपना. तास-सव्वातासात सहा ट्रक निघाले. सपनाबाईंचे दोन घड सडले तेव्हा त्यांनी कपाळ बडवलं, आणि नवऱ्याला म्हणाल्या, “पोरांपुढे हाच मांडा.” युवराज बाहेर जाऊन डोळे पुसून आला.

केसरबाई खोडलेलं पान हातात धरून बसल्या होत्या. वाचून झालं, तसं त्यांनी लताबाईंकडे पाहिलं.

“बाई, हाई पहिलेच काबर नही लिखं?”

“एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि मला वाटलं, हे सगळ्यांना माहीतच असतं.”

केसरबाईंनी मान डोलावली, आणि कसलाही खोचकपणा न ठेवता, निव्वळ माहिती म्हणून विचारलं, “तुम्ही शाळामा बी असंच करेत का?”

शेवटच्या बाकांवर बसणारी, वर्षानुवर्षं शून्य घेऊन घरी जाणारी पोरं एकदम लताबाईंसमोर येऊन उभी राहिली, आणि एकाचंही नाव त्यांना आठवेना.

“हो,” त्या म्हणाल्या.