निळ्या दाराची खोली

कडी हलली, मग पुन्हा हलली, आणि बाहेरून गड्याचा आवाज आला, "उघडा बाई, घरवाले बाहेरगावी आहेत ना, माहीत आहे मला." लेकरू कडेवर पेंगत होतं. भरदुपारी पिंप्राळ्याच्या त्या गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. तोंडातून माझ्या माहेरची बोली निघाली, "कोन शे?"

"खोली बघायची. दुकानावर कागद वाचला."

कागद मीच लिहिला होता. नवरा ट्रकवर, आठ-आठ दिवस घरी नाही, पुढची खोली रिकामी. भाडं यावं आणि रात्रीला सोबत व्हावी, म्हणून किराणावाल्याच्या फळीवर खळीने चिकटवला. गडीमाणूस येऊ नये म्हणून मी बापडीने सगळं नीट लिहिलं: भाडे दोनशे, मालक बाहेरगावी असतात, घरी बाई एकटी, तरी फक्त बाईने यावे, दुपारी भेटावे, टाकीमागे निळे दार.

मी मागच्या भिंतीवर बत्ता आपटला. भिंतीपलीकडच्या अक्का, माहेर असोद्याचं, आवाज ओळखून पुढून आल्या.

"काय भाऊ, कोणाकडे?"

"खोली."

"खोली गेली."

"कागद तर आहे अजून."

"कागद काय, कालचं वरणही असतं पातेल्यात. निघा."

तो गेला. मी दार उघडलं तर अक्का म्हणाल्या, "काय वं माय, चोराला जेवायला बोलावलं, वर पत्ताही दिला?" मला रडूही येईना, इतकी दमले होते.

अक्कांनी दुसरा कागद सांगितला, मी लिहिला. एक खोली, फक्त बाईसाठी. भाडे दोनशे, एक महिना आधी. रात्री पाहुणा नको. चौकशी दुकानात. बस. नवऱ्याचं नाही, लेकराचं नाही, दाराचा रंगही नाही. दुकानदाराने आधी माणूस बघायचा, नाव-गाव, कामाची जागा विचारायची, मग अक्का सोबत असतील तेव्हाच खोली दाखवायची.

दोन दिवसांनी दुकानदाराने निरोप धाडला. तोच माणूस आला होता, सोबत बहीण. दवाखान्यात नर्सचं शिकते, धुळ्याकडची, पत्र्याची पेटी घेऊन बाकावर बसलीय. त्याने दवाखान्याचं नाव सांगितलं, दुकानदाराने फोन करून खात्री केली, मुलगी खरी होती. "मी बहिणीसाठीच आलो होतो," म्हणे तो.

मग कडी का हलवली दोनदा? घरवाले नाहीत हे का बोलून दाखवलं? मुलगी राहिली असती तर भाऊ भेटायला येणारच ना.

अक्का म्हणाल्या, "तुझं घर, तू ठरव."

मी दुकानात गेले नाही. खोली गेली म्हणून सांगा, असा निरोप उलट धाडला. संध्याकाळी ती एकटीच माझ्याच दारावरून पेटी उचलून गेली, तिला कुठं माहीत, हेच ते दार. मी आतून कडी धरून उभी होते. खोली पुढे दिवाळीपर्यंत रिकामी राहिली, आणि रात्री मी एकटीच जागी.

तुम्ही असता तर काय केलं असतं हो?