ओल आणि ओटीपी

मांजरी उपनगरातल्या नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला आणि पहिल्याच पावसाळ्यात आईच्या खोलीतली भिंत फुगली. बाथरूमला लागून असलेली ती भिंत हाताला गार लागायची. कपाटामागे काळी बुरशी धरली. आईला आधीपासून दमा, आता खोकल्याने ती रात्रभर बसून राहू लागली.

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेला पहिला माणूस मी. त्यामुळे कुठलाही अर्ज माझ्याकडेच येतो, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. बिल्डरच्या अ‍ॅपवर मी तक्रार टाकली. साइट इंजिनिअर आले, भिंतीवर बोट टेकवून म्हणाले, "घरात स्वयंपाक होतो ना? वाफेने होतं असं. खिडक्या उघड्या ठेवत जा."

"ब्रोशरमध्ये स्वयंपाकघर छापलं होतं, म्हणून करतो," मी म्हणालो.

ते हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी रंगारी पाठवला. मी आणि बायको कामावर होतो. त्याने भिंत खरवडली, पुट्टी लावली, रंग मारला. आईने त्याला चहा दिला आणि त्याने मागितला तसा मोबाइलवर आलेला ओटीपीही सांगितला. त्या आकड्याने तक्रार बंद होते, हे तिला काय ठाऊक? तक्रारीत तिचा नंबर मीच दिला होता, दिवसा ती घरी असते म्हणून.

"दारात आलेल्या माणसाला ताटकळत कसं ठेवायचं?" ती म्हणाली.

दोन आठवड्यांत रंगाला फोड आले. अ‍ॅपवर तक्रार मात्र 'निराकरण झाले' अशी हिरवी दिसत होती.

मग मी ईमेल लिहिला. पहिल्या खर्ड्यात नुसता संताप होता. बायकोने वाचून विचारलं, "यात भिंत कुठंय?" सगळं पुसलं. फुगलेल्या भिंतीचे रंगाच्या आधीचे आणि नंतरचे फोटो जोडले. बाथरूमची झडपेची खिडकी ज्या डक्टमध्ये उघडते, तो वरून पत्र्याने झाकलाय, हवा खेळायला जागाच नाही, तेही लिहिलं. गच्चीवरून काढलेला फोटो लावला. रंग नको, ओल कुठून येते ते शोधा. ओटीपी गैरसमजाने दिला गेलाय, तक्रार बंद समजू नये. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला, तर कळवल्यापासून तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करणं कायद्याने तुमच्यावर आहे; नाहीतर मी रेराकडे जाईन.

आठवडाभराने तेच इंजिनिअर आले, या वेळी प्लंबर घेऊन. बाथरूमच्या फरशा उचकटल्या, तर खाली वॉटरप्रूफिंग कोपऱ्यात अर्धवट सोडलेलं. ते नव्याने झालं, पाणी साठवून तपासलं. डक्टवरचा पत्रा काढून उंचावर, चारही बाजूंनी फट ठेवून बसवला.

काम संपल्यावर इंजिनिअर आईला म्हणाले, "आजी, तेवढा ओटीपी सांगता का?"

आईने त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला.

"चहा घ्या. भिंत वाळू दे, मग सांगते."